एकोणीस मिनिटांचं भाषण आणि ऐंशी शब्दांचं कार्ड : इंदूरमधल्या एका निवृत्ती समारंभाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या एका जुन्या शाळेत मी मराठी शिकवते. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३४ वर्षं साहाय्यक म्हणून काम केलेल्या ताई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शुक्रवारी दुपारी सभागृहात समारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं, मुलांनी गाणं म्हटलं, आणि मग रसायनशास्त्राचे आमचे माजी शिक्षक बोलायला उभे राहिले. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. बारा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण त्याआधी त्यांनी आणि ताईंनी एकाच खोलीत अर्धं आयुष्य काढलं होतं. कागद न घेता ते एकोणीस मिनिटं बोलले. पंखे गरगरत होते, माइक मधूनच शिटी मारत होता, तरी सभागृहात कुणी उठलं नाही.

चहाच्या वेळी तीन-चार जणांच्या तोंडून एकच गोष्ट निघाली : सरांचं हे बोलणं ताईंच्या हातात राहिलं पाहिजे. पुढच्या शुक्रवारी ताई मुलाकडे पुण्याला जाणार होत्या. त्याआधी, गुरुवारी संध्याकाळी, लोकमान्य नगरातल्या त्यांच्या घरी जाऊन एक कार्ड द्यायचं ठरलं. मजकूर करायचं काम माझ्याकडे आलं. हातात सहा दिवस होते.

नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. बाकी घडलं तसं लिहिते, कारण या कामात मी जिथे चुकता चुकता राहिले त्या जागा पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

अडचण

कार्ड साधंच होतं. ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध दुमडायचा, म्हणजे प्रत्येक पान ए-फाइव्ह होतं. आतल्या उजव्या पानावर मजकूर आणि डाव्या पानावर सगळ्यांच्या सह्या. ताईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. हात लांब करून, चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षर निदान पंधरा-सोळा पॉइंटचं हवं होतं. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमध्ये अंतरही बरंच सोडावं लागतं. मोजून पाहिलं तर त्या पानावर ऐंशी ते नव्वद शब्द मावत होते. सरांचं भाषण उतरवल्यावर दोन हजारांच्या वर शब्द भरले.

म्हणजे पंचवीस शब्दांतला एक ठेवायचा आणि चोवीस सोडायचे. शिवाय भाषण मराठीत सुरू होऊन इंदुरी रीतीनं मधूनच हिंदीत जात होतं. सर रंगात आले की हिंदी, भरून आले की पुन्हा मराठी. कार्ड कोणत्या भाषेत करायचं आणि कुणाच्या आवाजात, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी समोर आले.

ध्वनिमुद्रण ऐकताना

ध्वनिमुद्रणं दोन मिळाली. एक चौथ्या रांगेतल्या सहकाऱ्याच्या मोबाइलमध्ये होतं. ते पूर्ण होतं, पण त्यात पंख्याची घरघर आणि स्पीकरचा घुमारा. दुसरं एका विद्यार्थ्यानं टेबलाच्या कडेला मोबाइल ठेवून केलेलं होतं. त्याचा आवाज स्वच्छ होता, मात्र ते सातव्या मिनिटापासून सुरू होत होतं. मी पूर्ण असलेलं घेऊन बसले आणि वेग कमी करून अक्षर न् अक्षर उतरवलं. त्यात अडीच तास गेले.

हे मी पुन्हा असं करणार नाही. आधी एकदा हातात काही न घेता सगळं ऐकायला हवं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त मिनिटं आणि दोन-तीन शब्द टिपायचे, आणि ज्या जागी कान टवकारले गेले तेवढ्याच जागा पूर्ण उतरवायच्या. तसं केलं असतं तर पाचच मिनिटांचं लेखन करावं लागलं असतं. पहिली चार मिनिटं व्यासपीठावरच्यांची नावं आणि आभार यांत गेली होती, आणि शेवटच्या दोन मिनिटांत आशीर्वाद आणि एक श्लोक होता. समारंभात ते हवंच असतं, पण कार्डाला त्यातलं काही लागत नाही.

वेळ गेला त्याचं मला तेवढं वाटलं नाही. खरी चूक निराळीच होती. आठव्या मिनिटाला सर प्रयोगशाळेतल्या बाटल्यांबद्दल बोलतात. मी उतरवलेलं वाक्य असं होतं : ‘ताई प्रत्येक चिठ्ठीला मन लावायच्या, आणि मग सुकू द्यायच्या.’

मला ते आवडलंही. मन लावून काम करणाऱ्या ताई. पहिल्या मसुद्यात मी त्याचं ‘प्रत्येक काम मन लावून केलंत’ असं करूनही टाकलं. रात्री तोच मजकूर वाचताना ‘सुकू द्यायच्या’वर अडखळले. मन सुकायला कसं ठेवतील? दुसरं ध्वनिमुद्रण लावलं, आठव्या मिनिटावर गेले, तर तिथे स्वच्छ ऐकू आलं : मेण. ताई चिठ्ठीला मेण लावायच्या.

नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या तीव्र द्रावणाच्या बाटल्यांमधून झाकण उघडलं की वाफा निघतात. बाटलीवरची कागदाची चिठ्ठी त्यांनी पिवळी पडते, भुसभुशीत होते आणि काही महिन्यांत अक्षरं दिसेनाशी होतात. वितळलेलं मेण ब्रशनं चिठ्ठीवर फिरवून सुकू दिलं की कागद वाफेपासून वाचतो. प्रयोगशाळांमधली ही जुनी युक्ती आहे. नाव पुसलेली ॲसिडची बाटली म्हणजे धोकाच, म्हणून या युक्तीची किंमत तिथे काम करणाऱ्यालाच कळते. सरांनी ताईंचं जे नेमकं काम सांगितलं होतं, ते माझ्या कानानं चुकवलेल्या एका शब्दानं असं झालं की कुठल्याही निवृत्तीच्या कार्डावर खपून जावं.

त्यानंतर मी उतरवलेल्या कागदावरची सगळी ‘गोड’ वाक्यं पुन्हा ऐकली. ध्वनिमुद्रणात एखादं वाक्य फारच ओळखीचं वाटलं, तर बहुतेक वेळा तिथे कान घाईत पुढे गेलेला असतो. आपल्या ओळखीचा शब्द तो आपणच भरून टाकतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या पद्धतीच्या मानपत्राचा. ‘आपण अविरत, निःस्वार्थ सेवेने या संस्थेचा लौकिक वाढवलात’ या चालीचा. संस्थेच्या सचिवांना तोच हवा होता, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावायला मानपत्र शोभून दिसतं. पण शाळेनं तसं एक मानपत्र समारंभातच दिलं होतं. दुसरं तसंच देण्यात काही अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय भाषणातला एक सलग तुकडा जसाच्या तसा छापण्याचा. हा मला मोहात पाडत होता. करूनही पाहिला. बोलताना सर एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरतात, ‘बरं का’, ‘म्हणजे काय आहे न’ करत पुन्हा मागे येतात. सभागृहात त्यांचा हात आणि चेहरा ती फट भरून काढत होता. कागदावर ती फट उघडी पडली आणि सर गोंधळल्यासारखे वाटू लागले. त्यांच्यावर तो अन्याय झाला असता.

तिसरा पर्याय भाषणातला ऐवज घेऊन ‘आम्ही सर्व’ अशा सामूहिक आवाजात लिहिण्याचा. सह्या सगळ्यांच्याच असणार होत्या, तेव्हा तेच रीतसर होतं. मात्र मेण लावताना ताईंना पाहिलं होतं फक्त सरांनी. आमच्यापैकी निम्मे शिक्षक तेव्हा शाळेत नव्हते. ‘आम्ही पाहिलं’ असं लिहिणं खोटं झालं असतं.

चौथा पर्याय निवडला. मजकूर सरांच्या आवाजात, ‘मी’ असा, खाली सरांचं नाव. वाक्यं आवळायची, क्रम बदलायचा, पण सर बोलले नाहीत असा एकही तपशील घालायचा नाही आणि छापण्याआधी त्यांची संमती घ्यायची. बाकीच्यांनी डाव्या पानावर आपापल्या भाषेत, आपापल्या लिपीत सही करायची.

काय ठेवलं, काय सोडलं

भाषणात चार गोष्टी होत्या ज्या दुसऱ्या कुणाबद्दल सांगता आल्या नसत्या : मेणाच्या चिठ्ठ्या, एका मुलीची भरलेली परीक्षा फी, ॲसिडचं वाक्य आणि सरांना दिलेली बाटली.

फीची गोष्ट ऐकताना अर्ध्या सभागृहाच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी नाव घेतलं नव्हतं. पण ती मुलगी आज एका शाळेत शिक्षिका आहे आणि त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसलेली होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं. मी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘लिहा न मॅडम, मला काही वाटणार नाही.’ तरी माझं मन घेईना. मग सरांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ताईंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला ऑफिसातून कळलं होतं. बोलायला नको होतं मी.’ बोललेलं हवेत विरतं. कार्ड मात्र भिंतीवर राहतं आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचतो. ती गोष्ट काढली. त्या मुलीनं स्वतःहून ताईंना वेगळी चिठ्ठी लिहिली आणि पाकिटात घालायला माझ्याकडे आणून दिली. ती मी वाचली नाही.

ॲसिडचं वाक्य ठेवायचं हे पहिल्यापासून नक्की होतं. अकरावीचा नवा वर्ग पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला की ताई दारात उभ्या राहून सांगायच्या : ‘पहले पानी, फिर एसिड. धीरे-धीरे.’ तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये वरून पाणी ओतलं तर पाणी हलकं असल्यानं वरच राहतं, मिसळताना निघालेल्या उष्णतेनं तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिडचे थेंब अंगावर उडतात. उलट पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडलं तर ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. मुलं बहुतेक हिंदी बोलणारी, म्हणून ताईही ते हिंदीतच सांगायच्या. कार्ड मराठीत आहे तर याचं ‘आधी पाणी, मग ॲसिड’ करावं असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. मी ते केलं नाही. ताईंच्या तोंडचं वाक्य ज्या भाषेत होतं त्याच भाषेत राहिलं पाहिजे. इंदुरातल्या मराठी माणसाचं कामाचं आयुष्य दोन भाषांत जातं, आणि कार्डावर एक भाषा पुसून टाकणं मला बरोबर वाटलं नाही.

त्या वाक्याला जोडून सर म्हणाले होते, ‘छत्तीस वर्षांत एका मुलाला इजा झाली नाही.’ हे तपासलं. नेमणुकीच्या पत्रावरून वर्षं ३४ निघाली. आणि इजेबद्दल प्रयोगशाळेची जुनी नोंदवही चाळली, तर तापलेली परीक्षानळी हाताला लागून भाजल्याच्या दोन नोंदी सापडल्या, दोन्ही ताईंच्याच अक्षरात. सर खोटं बोलले नव्हते. समारंभात माणूस प्रेमानं आकडा मोठा करतो. पण ज्या बाईनं स्वतःच्या हातानं त्या दोन नोंदी केल्या, तिच्या हातात ‘एकाही मुलाला इजा नाही’ असं लिहिलेलं कार्ड द्यायचं, हे शक्य नव्हतं. वाक्य गेलं.

मजकूर

तिसऱ्या मसुद्यानंतर हे राहिलं :

> ताई,
>
> कोपऱ्यातल्या कपाटात अजून तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. ॲसिडच्या वाफेनं कागद खाल्ला जातो, म्हणून तुम्ही प्रत्येक चिठ्ठीवर मेण फिरवायच्या आणि सुकू द्यायच्या. मी डोळे मिटून बाटली उचलायचो.
>
> ३४ वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी तुम्ही दारात उभ्या राहून सांगितलंत, ‘पहले पानी, फिर एसिड. धीरे-धीरे.’ माझ्या तासाआधी मुलं निम्मं शिकून आलेली असायची.
>
> मी निवृत्त झालो तेव्हा तुम्ही मला एक रिकामी बाटली दिलीत. चिठ्ठीवर माझं नाव, वर मेण. बारा वर्षं झाली. नाव अजून वाचता येतं.

ऐंशीच्या आतच शब्द झाले. फोनवर सरांना वाचून दाखवलं. माझ्या मसुद्यात ‘आम्लाच्या वाफेनं’ होतं. सर म्हणाले, ‘आम्ही कधी आम्ल म्हटलं नाही हो, ॲसिडच करा.’ तेवढाच बदल. ‘फिरवायच्या’, ‘वाफेनं’ ही बोलीतली रूपंही त्यांना विचारूनच ठेवली, कारण ग्रांथिक ‘वाफेने’ केलं की आवाज सरांचा राहत नव्हता.

छपाईतला प्रसंग

राजवाड्याकडच्या एका प्रेसमध्ये मजकूर पाठवला. बुधवारी दुपारी व्हॉट्सॲपवर नमुना आला. छपाई सुंदर होती, पण मजकूर आमचा राहिला नव्हता. तिथल्या ऑपरेटरनं तो युनिकोडमधून उचलण्याऐवजी हिंदीच्या सवयीच्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला होता. ‘कोपऱ्यातल्या’चं ‘कोपर्यातल्या’ झालं होतं, म्हणजे आडवा अर्धा र जाऊन य-वर रफार बसला होता. ‘ॲसिड’ आणि ‘एसिड’ दोन्ही ‘एसिड’ झाले होते, कारण त्याला ती चूक वाटली आणि त्यानं आपुलकीनं दुरुस्त केली.

मुखपृष्ठ पाहून मात्र माझ्या पोटात गोळा आला. आम्ही ताईंच्या नावामागे ‘सौ.’ लिहिलं होतं. छापून आलं ‘श्रीमती’. हिंदीत कोणत्याही विवाहितेला श्रीमती म्हणतात, आणि ऑपरेटरला ‘सौ.’ म्हणजे शंभराचा आकडा वाटला. मराठी घरात मात्र श्रीमती म्हटलं की बहुतेकांना वाटतं, नवरा हयात नाही. ताईंचे यजमान गुरुवारी आमच्यासमोर बसणार होते.

मी प्रेसमध्ये गेले. ऑपरेटर तरुण मुलगा होता. त्याला हा फरक समजावून सांगितला तेव्हा तो खरंच ओशाळला. पुन्हा टाइप करायला लावण्यापेक्षा मी घरून मजकूर पानावर बसवून, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ पाठवली, म्हणजे त्याला एकही अक्षर हातानं मारावं लागू नये. आडव्या र-साठी `U+0931` हे अक्षर, मग हलन्त, मग य असा क्रम लागतो. साधा र वापरला की रफारच येतो. फॉन्टही मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला घेतला. मुखपृष्ठावरून मी ‘सौ.’ही काढून टाकलं आणि नुसतं नाव ठेवलं. सगळ्यांना त्या ताईच होत्या. नवरा आहे की नाही हे कार्डानं सांगायचं कारण नव्हतं.

काय झालं

गुरुवारी संध्याकाळी आम्ही पाच जण गेलो, सरही आले. ताईंनी कार्ड हात लांब करून, चष्मा न लावता वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाशी हसल्या. शेवटाला आल्यावर कार्ड मांडीवर ठेवून सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘जपून ठेवलीत होय बाटली?’ मग मला म्हणाल्या, ‘पण मेण नव्हतं हं ते. मेण विकत आणायला पैसे कोण देणार होतं? दिवाळीत उरलेल्या मेणबत्त्या वितळवायचे मी.’

हे सरांनाही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त ब्रश फिरताना पाहिला होता.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंना न कळू देता त्यांच्या यजमानांना किंवा मुलाला एकदा विचारलं असतं, तर मेणबत्त्या आधीच कळल्या असत्या. भाषण हे भाषण करणाऱ्याच्या आठवणीपुरतंच असतं, हे मी धरून चालायला हवं होतं. आकडे तपासायचं सुचलं. वस्तू तपासायचं सुचलं नाही.

प्रेसला शुद्ध मजकूर पाठवला म्हणजे काम झालं, असं मी समजले होते. पहिल्याच दिवशी पीडीएफ द्यायला हवी होती, आणि नमुना मोबाइलच्या पडद्यावर न पाहता कागदावर मागायला हवा होता. ‘वर्षं’वरचा किंवा ‘वाफेनं’वरचा अनुस्वार खडबडीत कागदावर पुसट उठला आहे की नाही, ते पडद्यावर दिसत नाही.

फीच्या गोष्टीबाबत मी मुलीला आधी आणि सरांना नंतर विचारलं. क्रम उलटा हवा होता. सरांनी नको म्हटलं असतं तर तिला तो फोन करून जुनं सगळं आठवायला लावायची वेळच आली नसती.

घरी परतताना सरांना विचारून एक शब्द बदलला : ‘मेण’च्या जागी ‘वितळवलेली मेणबत्ती’. शुक्रवारी सकाळी त्याच प्रेसमधून दोन प्रती काढल्या. एक ताईंच्या मुलानं स्टेशनवर निघण्याआधी येऊन नेली. दुसरी प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. ताईंच्या जागी आलेल्या मुलीनं ती वाचून मला विचारलं, ब्रश कुठला वापरायचा.